फॉरवर्ड मेसेजमधल्या ओळी मध्येच का तुटतात? आणि त्यावरून मजकूर कुठून आला हे कसं ओळखायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा लांबलचक मेसेज येतो. तो वाचताना काहीतरी खटकतं. एक ओळ स्क्रीनच्या टोकापर्यंत जाते, पुढच्या ओळीत दोन-तीनच शब्द येतात, मग पुन्हा पूर्ण ओळ आणि पुन्हा अर्धी. वाक्य संपलेलं नसतं, स्वल्पविरामही नसतो, तरी ओळ तुटलेली असते. अख्खा मेसेज तुटक्या दातांच्या कंगव्यासारखा दिसतो.

बहुतेक लोक याला ‘फॉरमॅटिंग बिघडलं’ म्हणून सोडून देतात. पण या तुटलेल्या ओळी म्हणजे मजकूर कुठून उचलला याची खूण असू शकते. बऱ्याचदा तो एखाद्या पीडीएफमधून, तेही कम्प्युटरवर बसून, कॉपी केलेला असतो.

पीडीएफमध्ये ‘परिच्छेद’ नसतोच

आपण मेसेज टाइप करतो तेव्हा ओळ कुठे तुटावी हे ठरवत नाही. शब्द मावला नाही की फोन तो आपोआप खाली ढकलतो. स्क्रीन रुंद असेल तर ओळ लांब होते, अरुंद असेल तर आखूड. ही तात्पुरती तूट असते आणि ती मजकुरात साठवली जात नाही. आपण एंटर दाबतो तेव्हा मात्र मजकुरात एक खरं चिन्ह जातं आणि ते स्क्रीन बदलली तरी जागचं हलत नाही.

अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये आणलेल्या पीडीएफचा हेतूच वेगळा होता. कागदावर जसं दिसेल तसंच कुठल्याही कम्प्युटरवर दिसावं, एवढंच त्यात पाहिलं गेलं. त्यामुळे पीडीएफच्या पोटात मजकूर साधारण असा ठेवलेला असतो:

```
BT
/F1 12 Tf
72 700 Td
(Hello) Tj
0 -14 Td
(world) Tj
ET
```

याचा अर्थ: १२ आकाराचा फॉन्ट घ्या, पानाच्या डाव्या कडेपासून ७२ आणि खालच्या कडेपासून ७०० पॉइंटवर जा (७२ पॉइंट म्हणजे एक इंच) आणि पहिला शब्द छापा. मग १४ पॉइंट खाली उतरा आणि दुसरा छापा. इथे एंटर कुठेही नाही. दुसरा शब्द हा त्याच वाक्याचा पुढचा भाग आहे की नवा परिच्छेद, याचीही नोंद नाही. फक्त जागा दिलेल्या आहेत.

तुम्ही माउस ओढून हा मजकूर सिलेक्ट करता तेव्हा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला अंदाज करावा लागतो. अक्षरं एका उंचीवर असतील तर ती एक ओळ, खाली उतरली की पुढची ओळ. बरीच सॉफ्टवेअर सावध पवित्रा घेतात आणि पानावर दिसणाऱ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर टाकून मोकळी होतात. काही पीडीएफमध्ये परिच्छेदांची माहिती वेगळी जोडलेली असते, पण ती असली तरी कॉपी करताना वापरली जाईलच असं नाही.

आता कंगव्याचं कोडं सुटतं. कागदावरची ओळ फोनच्या स्क्रीनपेक्षा रुंद असते. फोनवर ती एका ओळीत मावत नाही, उरलेले शब्द खाली येतात आणि लगेच ते साठवलेलं एंटर लागतं.

शंका असेल तर फोन आडवा करून बघा. साध्या मजकुराच्या ओळी नव्याने जुळतात. एंटर असलेल्या जागा मात्र तशाच तुटलेल्या राहतात.

माणसाने तोडली की मशीनने?

नुसतं एंटर दिसलं म्हणून पीडीएफ म्हणता येत नाही. अनेकांना प्रत्येक ओळीनंतर एंटर मारायची सवय असते आणि कविता तर तशीच लिहिली जाते. फरक ओळखायची एक छान कसोटी आहे, आणि तिला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

मशीन ओळ कधी तोडतं? पुढचा शब्द मावत नाही तेव्हाच. म्हणून प्रत्येक ओळीला पुढच्या ओळीचा पहिला शब्द जोडून बघायचा. त्याने ओळ सगळ्यात लांब ओळीच्याही पुढे जात असेल, तर ती मशीनने तोडली आहे. शब्द सहज मावत असेल, तर तिथे कुणीतरी हाताने एंटर मारलं आहे. परिच्छेदाची शेवटची ओळ याला अपवाद, कारण ती नैसर्गिकपणेच आखूड असते.

एक नमुना घेऊ. हा मेसेज आम्ही समजावण्यासाठी तयार केला आहे, पण भाषा सरकारी निर्णयांची, म्हणजे जीआरची आहे:

```
🔴 मोठी बातमी! लगेच शेअर करा 🔴
सदर योजनेचा लाभ घेण्यासाठी अर्जदाराचे वार्षिक कौटुंबिक
उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त नसावे. तसेच अर्जदाराने
यापूर्वी अन्य कोणत्याही विभागाकडून याच कारणासाठी
पृष्ठ ४ पैकी २
अर्थसहाय्य घेतलेले नसावे. याबाबतचे स्वयंघोषणापत्र
अर्जासोबत सादर करणे बंधनकारक राहील.
फॉर्म फी ५०० रुपये
खालील नंबरवर पाठवा
```

मराठीत मोजताना काना-मात्रा वेगळ्या धरू नका. ‘र्षि’ हे एकच अक्षर. शब्दांमधली मोकळी जागाही एक धरा, विरामचिन्हं सोडून द्या. ‘सदर’पासूनची ओळ ३१ भरते आणि तीच सगळ्यात लांब आहे. तिला ‘उत्पन्न’ जोडलं तर ३५ होतात. पुढची ओळ ३० ची, ‘यापूर्वी’ जोडल्यावर ३४. त्यानंतरची फक्त २७ ची आहे, म्हणजे तिथे जागा होती असं वाटतं. पण पुढचा शब्द ‘अर्थसहाय्य’ आहे, तो जोडला की ३३ होतात. ‘स्वयंघोषणापत्र’वर संपणारी ओळ २८ ची, ‘अर्जासोबत’ जोडलं की ३४. एकदाही शब्द मावत नाही. ओळी मशीननेच तोडल्या आहेत.

छापील फॉन्टमध्ये सगळी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. त्यामुळे एखाद-दुसऱ्या ओळीत एका अक्षराचा फरक पडला तर घाबरू नका. आठ-दहा ओळींत काय चाललंय ते महत्त्वाचं.

आता शेवटच्या दोन ओळी. ‘फॉर्म फी ५०० रुपये’ यापुढे ‘खालील’ आरामात मावला असता, ‘नंबरवर पाठवा’सुद्धा मावलं असतं. तरी ओळ तुटली. म्हणजे इथे माणसाने एंटर दाबलं. मधला मजकूर कुठल्यातरी कागदातून आलेला आहे, आणि पैसे मागणारी ओळ फोनवर किंवा कीबोर्डवर वेगळी टाइप केलेली आहे. या सगळ्या तपासात मला सर्वात कामाची गोष्ट हीच वाटते: कंगवा जिथे थांबतो तिथे जोड असतो. खऱ्या सरकारी भाषेला खोटी शेपटी चिकटवणं हा जुना डाव आहे, कारण वरचे चार नियम खरे वाटले की पाचवाही खरा वाटतो.

‘पृष्ठ ४ पैकी २’ इथे काय करतंय?

नमुन्यातली ही ओळ वाक्याच्या मधोमध आहे. जीआरच्या पानांच्या तळाशी असा पृष्ठक्रमांक छापलेला असतो. सिलेक्शन एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की तोही सोबत उचलला जातो. तुटलेल्या ओळींपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का आहे.

मराठीत आणखी एक खूण मिळते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. पीडीएफ दिसण्याच्या क्रमाने चालत असल्याने कॉपी करताना कधी कधी वेलांटी आधी येते आणि ‘निर्णय’चं ‘िनर्णय’ होतं. वेलांटीपाशी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसलं तर तेच झालेलं असतं. रफारही असाच भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. टाइप करणाऱ्याच्या हातून अशी चूक सहसा होत नाही.

कम्प्युटरवरूनच, हे कशावरून?

हा दुवा मात्र कच्चा आहे. फोनवर पीडीएफमधला दोन पानांचा मजकूर बोटाने सिलेक्ट करणं वैतागवाणं असतं, म्हणून लोक फाइलच पाठवतात किंवा स्क्रीनशॉट काढतात. कम्प्युटरवर माउस ओढला, Ctrl+C दाबलं आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमध्ये पेस्ट केलं की झालं. म्हणून मजकूर लांब असेल आणि त्यात पृष्ठक्रमांक अडकला असेल तर कम्प्युटरची शक्यता वाढते. सिद्ध मात्र काही होत नाही.

फोटोतून अक्षरं उचलणारी अ‍ॅप्सही ओळीगणिक एंटर टाकतात. जुन्या पद्धतीच्या साध्या ईमेलमध्ये ७८ अक्षरांच्या आत ओळ तोडायची शिफारस आहे, त्यामुळे तिथून उचललेला इंग्रजी मजकूरही असाच दिसतो. उलट बाजूनेही सावध राहा. कुणी एंटर काढून टाकले असतील तर कंगवा दिसणारच नाही. कधी ‘कौटुंबिकउत्पन्न’ असे दोन शब्द चिकटलेले सापडतात, ती ओळ जिथे तुटत होती त्या जागेची खूण असते.

आणि कॉपी केलेलं म्हणजे खोटं, असं तर मुळीच नाही. जीआरच्या बाबतीत कॉपी केलेला भागच खरा असण्याची शक्यता जास्त.

मूळ कागद कसा शोधायचा?

एका अखंड ओळीतले सात-आठ शब्द घ्या. दोन ओळींचा जोड घेऊ नका, तिथेच गडबड असते. ते अवतरणचिन्हांत टाकून सर्चमध्ये पुढे हे जोडा:

```
filetype:pdf site:maharashtra.gov.in
```

काही सापडलं नाही तर मेसेज खोटा ठरत नाही. वेलांट्या विस्कटलेली पीडीएफ सर्चलाही नीट वाचता येत नाही. मग योजनेचं नाव आणि विभाग घेऊन gr.maharashtra.gov.in वर शोधा. जीआरच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस अशी असते, त्यामुळे ‘आजपासून लागू’ म्हणून फिरणारा निर्णय नेमका कधीचा आहे ते तिथल्या तिथे कळतं. मूळ कागद मिळाला की जोडाच्या खालची ओळ त्यात आहे का, एवढंच पाहायचं.

तुम्हालाच पीडीएफमधून काही पाठवायचं असेल तर मजकूर आधी वर्डमध्ये पेस्ट करा. फाइंड अँड रिप्लेसमध्ये ^p शोधा आणि त्याजागी एक स्पेस द्या. यात खरे परिच्छेदही एकमेकांना चिकटतात, ते मूळ पान समोर ठेवून हाताने सोडवावे लागतात. आणि पृष्ठक्रमांक काढायला विसरू नका.