संपादकांस पत्र : फलक कोणाचा, अर्ज कोणाचा?

सार्वजनिक फलकांवर आणि छापील अर्जांवर मराठीला स्थान मिळावे, अशी मागणी करणारी पत्रे मराठी दैनिकांच्या वाचक-पत्रव्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. ज्या नारायण पेठेत लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चा वाडा उभा आहे, तेथील वाचकाला हा विषय नवा नाही. तथापि अशी बरीच पत्रे छापली जाऊनही फलक किंवा अर्ज जसेच्या तसे राहतात. याचे कारण बहुधा भाषेच्या प्रेमात कमतरता हे नसते. तो फलक कोणाच्या मालकीचा आहे आणि त्याला कोणता नियम लागू आहे, याचा पत्रलेखकाने शोध घेतलेला नसतो, हे असते.

या विषयावरील पत्रांत हमखास आढळणारा आधार म्हणजे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964. या अधिनियमाने देवनागरी लिपीतील मराठी ही राज्याची राजभाषा ठरली आणि 1 मे 1966 पासून, काही वर्जित प्रयोजने सोडता, राज्य शासनाचे कामकाज मराठीतून चालावे असे ठरले. तहसील कचेरी, पोलीस चौकी, दुय्यम निबंधकाचे कार्यालय यांच्या फलकांविषयी वा अर्जांविषयी लिहिताना हा आधार योग्य आहे. महापालिका व अन्य स्थानिक संस्थांसाठी 2022 चा स्वतंत्र अधिनियम आहे. परंतु टपाल कार्यालय, रेल्वे, विमा महामंडळ किंवा राष्ट्रीयीकृत बँक यांच्याविरुद्ध राज्याचा अधिनियम पुढे केला की उत्तर ठरलेले असते : ‘आमच्या कार्यालयास केंद्राचे नियम लागू आहेत.’ हे उत्तर चुकीचे नाही, आणि तेथेच पत्राचा जोर संपतो.

केंद्राचे नियम म्हणजे राजभाषा नियम, 1976. त्यांतील अकराव्या नियमानुसार केंद्रीय कार्यालयांतील नामफलक, सूचनाफलक आणि लेखनसामग्री हिंदी व इंग्रजीत असली पाहिजे. केंद्राच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील कंपन्या आणि महामंडळेही या नियमांच्या व्याख्येत येतात. मराठीचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे एखाद्या शाखेतील राजभाषा अधिकारी जेव्हा ‘नियमाचे पालन झाले आहे’ असे लिहून कळवतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. अर्धे सांगत असतो. उरलेले अर्धे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राजभाषा विभागाच्या 18 जून 1977 च्या ज्ञापनात आहे. हिंदीतर राज्यांत जनतेच्या माहितीसाठी लावलेल्या फलकांवर प्रथम प्रादेशिक भाषा, नंतर हिंदी आणि शेवटी इंग्रजी असा क्रम त्यात सांगितला आहे. अकरावा नियम हिंदी व इंग्रजी असाव्यात एवढेच सांगतो, तिसरी भाषा नसावी असे म्हणत नाही. म्हणून दोन्ही एकत्र वाचता येतात. मात्र ज्ञापन ही प्रशासकीय सूचना आहे. ती मोडल्याबद्दल दंड नाही. ‘कायदा मोडला, कारवाई करा’ असे पत्रात लिहिल्यास ते टिकणार नाही. ‘केंद्राच्याच सूचनेचे पालन झालेले नाही’ असे लिहिल्यास टिकेल.

बँकांच्या बाबतीत याहून थेट आधार आहे. रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेविषयी 1 जुलै 2015 रोजी काढलेल्या मास्टर परिपत्रकात, खाते उघडण्याचा अर्ज, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक यांसह सामान्य ग्राहकांच्या वापरातील सर्व छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि संबंधित प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत उपलब्ध करावे, असे म्हटले होते. काउंटरवरील निदर्शक फलकांनाही हीच त्रिभाषा लागू केली होती. हे परिपत्रक बँकिंगच्या नियंत्रकाचे असल्याने ते केवळ सरकारी बँकांपुरते नव्हते, खासगी वाणिज्य बँकांनाही लागू होते. 2025 च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने जुनी परिपत्रके मोठ्या संख्येने रद्द करून त्यांचा आशय नव्या निर्देशांत एकत्र केला. म्हणून पत्रात परिपत्रकाची तारीख घालण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आजचा लागू दस्तऐवज पाहून घेणे आवश्यक आहे. जुन्या तारखेचा उल्लेख हा उत्तर देणाऱ्यास सोपी पळवाट देतो.

दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न सर्वांत जास्त गाजला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आता बराच स्पष्ट झाला आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही ठरले. 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या पाटीविषयी तक्रार असेल, तर संपादकांपेक्षा कामगार विभागाकडे केलेला साधा अर्ज अधिक उपयोगी पडतो.

मराठीची एक अडचण मात्र तमिळ किंवा बंगालीला नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एकच आहे. हिंदी फलक मराठी माणसाला वाचता येतोच, मग वेगळा मराठी मजकूर कशाला, असा युक्तिवाद यातून निघतो, आणि तो वरवर पटण्याजोगा असतो. त्याला उत्तर अस्मितेच्या भाषेत देण्यापेक्षा शब्दांच्या भाषेत द्यावे. बँकेतील ‘शिक्षा ऋण’ हा फलक मराठी वाचकाला शैक्षणिक कर्जाऐवजी भलत्याच गोष्टीची आठवण करून देतो. हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. ‘सूचना’ हा शब्द हिंदीत माहितीसाठी वापरतात, मराठीत तो सुचवणी वा इशारा होतो. ‘आहरण पर्ची’ हे शब्द वाचता येतात, पण ज्या आजीबाई दरमहा निवृत्तिवेतन काढायला शाखेत येतात त्यांना ‘पैसे काढण्याची स्लिप’ हेच कळते. विशेषनामांचेही तसेच आहे. मराठीतील ‘ळ’ हिंदी मजकुरात बहुधा ‘ल’ होतो, आणि ज्यांच्या वाड्यामुळे नारायण पेठ ओळखली जाते ते टिळक रेल्वेच्या हिंदीत ‘तिलक’ होतात. अशी दोन-तीन उदाहरणे पत्राचे काम अर्ध्याहून अधिक करतात.

समजा, नारायण पेठेतील एका रहिवाशाला जवळच्या सरकारी बँकेच्या शाखेत पैसे काढण्याची स्लिप केवळ हिंदी-इंग्रजीत मिळाली. पत्र लिहिण्यापूर्वी त्याने काउंटरवर एकदा ‘मराठी स्लिप आहे का’ असे विचारले पाहिजे. कित्येकदा त्रैभाषिक अर्जांचा गठ्ठा कपाटात असतो आणि तो मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. असे आढळल्यास मागणी बदलते : अर्ज छापावा असे न म्हणता तो काउंटरवर ठेवावा, असे म्हणावे लागते. अर्ज मुळीच नसेल, तर हाती असलेल्या स्लिपच्या तळाशी बारीक अक्षरांत अर्जाचा क्रमांक छापलेला असतो का ते पाहून तो टिपून घ्यावा. ही छपाई शाखेत होत नसते, वरिष्ठ कार्यालयाकडून साहित्य येते. म्हणून रोख समोरच्या कर्मचाऱ्यावर ठेवणे अन्यायाचे आणि निष्फळही असते. सरकारी बँक माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कक्षेत येत असल्याने, गेल्या वर्षभरात शाखेला मराठी मजकूर असलेल्या किती स्लिपा मिळाल्या, हे दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. हा अर्ज मराठीत करण्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या सहाव्या कलमात आहे.

यानंतरचे पत्र साधारण असे होईल :

‘महोदय, नारायण पेठेतील एका सरकारी बँकेच्या शाखेत पैसे काढण्याची स्लिप फक्त हिंदी व इंग्रजीत मिळते. या महिन्याच्या पाच तारखेस विचारणा केली असता, मराठी स्लिप वरिष्ठ कार्यालयाकडून येत नाही, असे सांगण्यात आले. कर्मचाऱ्यांनी सौजन्याने स्लिप भरून देण्याची तयारी दाखवली. परंतु स्वतःच्या पैशाचा कागद दुसऱ्याकडून भरून घेणे वृद्ध खातेदारांना सुरक्षित वाटत नाही. ग्राहकांचे छापील साहित्य प्रादेशिक भाषेतही असावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. हिंदी वा इंग्रजी मजकूर काढावा असे म्हणणे नाही. पुढील छपाईत त्याच स्लिपवर मराठी ओळ घालावी आणि तोवर काउंटरवर मराठीत भरलेला एक नमुना लावावा, एवढीच विनंती आहे.’

या पत्रात शाखा ओळखता येईल असा तपशील छापण्यासाठी दिलेला नाही. तो, स्लिपचे छायाचित्र आणि स्वतःचा संपूर्ण पत्ता संपादकांना वेगळा कळवायचा असतो. जागेअभावी पत्रे शेवटाकडून कापली जातात, म्हणून तक्रार पहिल्याच वाक्यात आहे. ‘पुढील छपाईत’ हे शब्दही हेतुपुरस्सर आहेत. छापून पडलेला साठा रद्द करा ही मागणी खर्चाच्या कारणाने फेटाळली जाते. साठा संपेपर्यंत थांबण्याची तयारी दाखवली की तो आक्षेप उरत नाही.

अन्य भाषा काढून टाकण्याची मागणी टाळण्यास आणखी एक कारण आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीसोबत उर्दूतही नाव होते, आणि ते काढावे यासाठीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने उर्दू मजकूर कायम ठेवला. 2022 च्या स्थानिक प्राधिकरणविषयक अधिनियमाने मराठी आवश्यक केली असली तरी फलकावर जोडीला दुसरी भाषा वापरण्यास मनाई केलेली नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य होते. ज्या तत्त्वावर पातूरच्या फलकावर उर्दू राहिली, त्याच तत्त्वावर बेळगावचा मराठी भाषिक कन्नडच्या जोडीला मराठी मागतो. पुण्याच्या पत्रलेखकाने एका ठिकाणी ‘फक्त’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सुद्धा’ असे लिहिले, तर ती विसंगती प्रथम संपादकाच्याच नजरेस येते.

पत्र छापून आल्यावर त्याचे कात्रण बँकेच्या विभागीय कार्यालयास स्पीड पोस्टाने, मराठीतील निवेदनासह पाठवावे. संघराज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 350 ने दिला आहे. उत्तर मराठीतच मिळेल असे मात्र त्या अनुच्छेदात म्हटलेले नाही.