जागा अडवण्याचा इतिहास : नवकंकरी ते अ‍ॅग्रिकोला

पटावरच्या खेळांत प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्याचे दोन मार्ग फार जुने आहेत. एक म्हणजे त्याची सोंगटी मारणे आणि दुसरा म्हणजे त्याची वाट अडवणे. पहिल्या मार्गाला बुद्धिबळामुळे प्रतिष्ठा मिळाली. दुसऱ्याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली, वस्तुतः आपल्याकडे तो अक्षरशः दगडात कोरलेला आहे. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या फरशांवर, देवळांच्या ओट्यांवर आणि लेण्यांमध्ये एकात एक असे तीन चौकोन आणि त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या रेघा आढळतात. हा नवकंकरीचा पट होय. प्रत्येकी नऊ खडे आणि चोवीस बिंदू. खेळाडू पाळीपाळीने एकेक खडा ठेवतात, तीन खडे एका रेषेत आले की समोरच्याचा एक खडा उचलतात, आणि सगळे खडे मांडून झाल्यावर ते सरकवू लागतात. नवख्या खेळाडूचे लक्ष दुसऱ्या टप्प्यावर असते. मुरलेल्याला ठाऊक असते की बहुतेक डाव मांडणीतच जिंकला वा हरला जातो, कारण एका बिंदूवर एकच खडा बसतो आणि चार रेघा जिथे मिळतात असे बिंदू अवघे चार असतात.

वाघ-बकरीत ही कल्पना अधिक निर्भेळ रूपात दिसते. बकरीला मारण्याचा अधिकारच नाही. ती फक्त जागा व्यापते, आणि वाघाला हलायला जागा उरली नाही की जिंकते. परंतु या दोन्ही खेळांत अडवणूक ही स्थलाची आहे. ठेवलेला खडा उचलला वा सरकवला जाईपर्यंत तिथेच राहतो.

युरोपात विसाव्या शतकाच्या अखेरीस जी खेळांची शाखा उदयाला आली, तिने याच जुन्या नियमात एक छोटासा बदल केला. ही शाखा 'वर्कर प्लेसमेंट' या नावाने ओळखली जाते. आपण तिला कामकरी मांडण्याचे खेळ म्हणू. पटावर कामांच्या जागा असतात : लाकूड तोडणे, नांगरणे, मासे धरणे. आपल्या पाळीला एक कामकरी एका जागेवर ठेवायचा आणि ते काम करायचे. ज्या जागेवर कामकरी आहे, तिथे दुसऱ्याला जाता येत नाही. इथवर नवकंकरीच झाली. बदल असा, की फेरी संपली की सगळे कामकरी घरी परततात आणि सर्व जागा पुन्हा मोकळ्या होतात. अडवणूक एका फेरीपुरतीच टिकते. म्हणजे इथे खेळाडू एकमेकांची जागा अडवत नाहीत, वेळ अडवतात. माझ्या मते या शाखेचे सारे वेगळेपण या एका वाक्यात आहे, आणि नवख्यांच्या बहुतेक अडचणी ते नीट न उमगल्यामुळे येतात.

या प्रकाराचा आरंभ साधारणतः रिचर्ड ब्रीझ यांच्या 'कीडम' (१९९८) आणि नेदरलँड्समधल्या 'बस' (१९९९) या खेळांपासून मोजतात. त्याला ठाशीव रूप दिले ते विल्यम अत्तिया यांच्या 'केलस' (२००५) या खेळाने. तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजासाठी किल्ला बांधणे हा त्याचा विषय. त्यात एक पात्र आहे, प्रोव्होस्ट नावाचा अधिकारी. तो रस्त्यावर जिथे उभा असेल, त्याच्या पुढच्या इमारतींतले कामकरी त्या फेरीत काहीही मिळवत नाहीत, आणि पैसे मोजून त्याला पुढेमागे सरकवता येते. आपण ठेवलेला कामकरी असा फुकट गेलेला पाहणे हा नवख्यासाठी फारच कठोर धडा आहे. म्हणून पहिलाच खेळ म्हणून केलस सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. शिकण्यासाठी उवे रोझेनबर्ग यांचा २००७ सालचा 'अ‍ॅग्रिकोला' अधिक बरा. या लॅटिन शब्दाचा अर्थच शेतकरी.

खेळ सतराव्या शतकातल्या मध्य युरोपातला असला, तरी त्यातला पेच मुळशी तालुक्यातल्या कोणालाही परका वाटू नये. पुण्याहून पौडकडे जाताना लागणाऱ्या कासार आंबोलीच्या परिसरात भाताची खाचरे आहेत. भातलावणीची अडचण जमिनीची नसते, हातांची असते. पाऊस लागला, चिखलणी झाली, की सगळ्यांना एकाच आठवड्यात माणसे हवी असतात. सावडीची रीत यातूनच आली : आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. परंतु सावडीतही 'आधी कोणाच्या' हा प्रश्न उरतोच, आणि रोप वाट पाहत थांबत नाही. अ‍ॅग्रिकोलात नेमका हाच प्रश्न चौदा फेऱ्यांत मांडला आहे.

प्रत्येकाकडे आरंभी दोन खोल्यांची लाकडी झोपडी आणि दोन माणसे असतात, म्हणजे फेरीत दोन कामे. चौथ्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतर सुगी येते, आणि प्रत्येक माणसाला दोन घास अन्न द्यावे लागते. कमी पडलेल्या दर घासामागे शेवटी तीन गुण वजा होतात. दर फेरीला कामाची एक नवी जागा उघडते. पाचव्या ते सातव्या फेरीत केव्हातरी 'कुटुंबवाढ' उघडते, पण नेमकी कोणत्या फेरीत ते आधी कळत नाही. तिच्यामुळे तिसरा माणूस मिळतो. अट एवढीच, की त्याच्यासाठी रिकामी खोली हवी. खोलीला पाच लाकडे आणि छपरासाठी लव्हाळ्याच्या दोन जुड्या लागतात. दोघांच्या डावात लाकडाची जागा एकच, तिच्यावर दर फेरीला तीन लाकडे येतात. लव्हाळ्याचीही एकच, तिथे दर फेरीला एक जुडी येते. आणि बांधकामाची जागाही एकच.

एक डाव पाहू. थोरली बहीण आणि धाकटा भाऊ खेळत आहेत. मूळ आवृत्ती, पत्ते बाजूला ठेवलेले. आरंभीचा मान थोरलीकडे, म्हणून तिला दोन घास आणि धाकट्याला तीन मिळाले आहेत. पहिल्या फेरीत थोरली लाकूड घेते, धाकटा लव्हाळा. दुसऱ्या कामकऱ्याने ती एक शेत नांगरते, तो धान्य घेतो. दुसऱ्या फेरीत उलट : थोरली लव्हाळा, धाकटा लाकूड. मग थोरली मासेमारीच्या जागेवर साठलेले दोन घास उचलते, आणि धाकटा मजुरीला जाऊन दोन घास मिळवतो. थोरलीकडे चार आणि धाकट्याकडे पाच घास झाले, पहिल्या सुगीची सोय लागली. तिसऱ्या फेरीत थोरली लाकूड घेते आणि धाकटा लव्हाळा. आता थोरलीकडे सहा लाकडे व एक जुडी आहे, धाकट्याकडे तीन लाकडे व दोन जुड्या. दोघांचा एकेक कामकरी अजून हातात आहे.

वरवर पाहता दोघे बरोबरीत आहेत. परंतु चौथी फेरी डोळ्यांपुढे आणून पाहा. थोरलीची पाळी आधी. ती लव्हाळा घेईल, धाकटा लाकूड घेईल. दोघांकडे सहा लाकडे आणि दोन जुड्या, सामान सारखेच. मग पुन्हा थोरलीची पाळी. ती बांधकामाच्या जागेवर जाईल आणि ती जागा त्या फेरीपुरती बंद होईल. पाचव्या फेरीत कुटुंबवाढ उघडली, तर थोरली तिथे पहिली पोचेल. तिचे मूल सहाव्या फेरीपासून नऊ कामे करील. धाकटा पाचव्या फेरीत खोली बांधील, सहाव्यात मूल येईल, आणि त्याच्या वाट्याला आठ कामे येतील. कुटुंबवाढ सातव्या फेरीत उघडली, तर मात्र चौथ्या फेरीतल्या घाईला तितकासा अर्थ उरत नाही. तेव्हा दोघांकडे खोली असेल आणि प्रश्न फक्त पहिल्या पाळीचा असेल.

धाकट्याने हे तिसऱ्या फेरीतच ओळखले पाहिजे. त्याच्या हातातल्या उरलेल्या कामकऱ्याला पटावर एक जागा आहे, ती पहिल्या पाळीचा मान मिळवून देते. तिच्यातून ना लाकूड मिळते ना अन्न, म्हणून नवखे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. धाकट्याने ती घेतली, तर चौथ्या फेरीत तो आधी लाकूड घेतो, थोरली लव्हाळा घेते, आणि बांधकामाच्या जागेवर तो पोचतो. एका बिनउत्पन्नाच्या कामाने सगळा क्रम उलटा झाला. अर्थात थोरलीही काही गाफील नाही. तिसऱ्या फेरीत तिचा दुसरा कामकरी धाकट्याच्या आधी बसतो. मान तिच्याकडेच असताना तिने त्याच जागेवर माणूस ठेवला, तर पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटेल. पण त्या फेरीतली तिची सर्वांत मोलाची खेळी हीच ठरू शकते.

मुद्दाम अडवणे आणि कामाच्या ओघात अडवणे यांतला फरकही याच डावात दिसतो. समजा, थोरलीने मान राखला आणि चौथ्या फेरीत लव्हाळा घेतला. धाकटा चिडून बांधकामाच्या जागेवर जाऊ शकतो. खोलीचे सामान त्याच्याकडे नाही, पण तिथे दोन लाकडांत गोठाही बांधता येतो. थोरलीची खोली एक फेरी लांबली. मग थोरली पटावरची तीन लाकडे उचलते. तिच्याकडे नऊ लाकडे आणि दोन जुड्या होतात, आणि पाचव्या फेरीत पहिली पाळी तिचीच. धाकट्याकडे एक लाकूड उरले. तिला एका फेरीने मागे खेचताना तो स्वतः दोन फेऱ्या मागे गेला. दोघांच्या डावात असा सौदा क्वचित परवडेल; चौघांच्या डावात तर भांडणाऱ्या दोघांचा फायदा उरलेले दोघे घेतात. म्हणून कसोटी साधी ठेवावी : ही जागा मला येत्या दोन फेऱ्यांत उपयोगी पडणार नसेल, तर केवळ अडवण्यासाठी ती घेऊ नये. समोरच्याला हवी असलेली आणि मलाही हवी असलेली जागा मात्र आधी घ्यावी. ज्या कामावर दुसऱ्याचा डोळा नाही, ते मागे ठेवावे. नवखा बहुधा उलट करतो, जिथे ढीग मोठा तिथे पहिला कामकरी ठेवतो. तो ढीग समोरच्याला नको असेल, तर पुढच्या पाळीलाही तो तिथेच असतो. हे कळायचे तर समोरच्याच्या पुढ्यातले सामान मोजावे लागते, आणि पहिल्या दोन-तीन डावांत ते कोणी करत नाही.

नंतरच्या खेळांनी ही धार बोथट केली. 'व्हिटिकल्चर' (२०१३) या द्राक्षमळ्याच्या खेळात प्रत्येकाला एक 'मोठा' कामकरी मिळतो, तो भरलेल्या जागेवरही बसतो. शिकणाऱ्याला यामुळे धीर येतो, हे खरे. पण तो कामकरी वर्षातून एकदाच वापरता येतो, त्यामुळे तो केव्हा खर्चायचा हा नवाच पेच उभा राहतो, आणि सरावलेले खेळाडू समोरच्याने तो वापरला की नाही यावर लक्ष ठेवूनच पुढची जागा धरतात.