आगाऊ आराखड्याची कुळकथा

मनोविकारावरील उपचाराची चाचणी संपून आकडे हाती येण्यापूर्वीच कोणते फलित मोजावयाचे व त्याचे गणित कसे मांडावयाचे हे लिहून तारखेनिशी नोंदवावे, हा शिरस्ता आज सर्वमान्य झाला असला, तरी त्याचे कूळ शोधू गेल्यास आपण एका औषधाच्या वादाशी येऊन पोचतो. कुमारवयीन विषादरुग्णांवर पॅरोक्सेटीनची जी ‘३२९’ क्रमांकाची चाचणी झाली, तिच्या मूळ आराखड्यात दोन मुख्य फलिते ठरलेली होती आणि त्या दोहोंतही औषध व निरौषधी गोळी यांत लक्षणीय अंतर निघाले नव्हते. परंतु २००१ साली छापलेल्या निबंधात मागाहून पुढे आणलेल्या इतर फलितांच्या आधारे औषध गुणकारी ठरविले गेले. २००४ साली न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्याने ते औषध बनविणाऱ्या कंपनीवर फिर्याद गुदरली, आणि त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी आगाऊ नोंदणीवाचून चाचणी छापणार नाही असे जाहीर केले. भारताची नोंदवही २००७ साली उघडली.

मात्र नोंदणीत फलिताचे नाव असते. गणिताचा तपशील वेगळ्या विश्लेषण-आराखड्यात, कोणाला कोणता उपचार मिळाला हे गणितज्ञास कळण्यापूर्वी, लिहावा लागतो. गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ संस्थेने विषादावरील समुपदेशनाची जी चाचणी केली व जिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, तिच्यावरून हे स्पष्ट होईल. प्रवेशासाठी नऊ प्रश्नांच्या मापनावर चौदाहून अधिक गुण हवे होते. तीन महिन्यांनंतर बेकच्या प्रश्नावलीवरील तीव्रता आणि त्या नऊ प्रश्नांवर दहाच्या खाली उतरणे, ही दोन मुख्य फलिते होती. आता समजा, कोणी मागाहून दहाची सीमा बाराची केली किंवा तिसऱ्या महिन्याऐवजी सहावा धरला, तर उत्तरच बदलू शकते. असा फेरफार न सांगणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय.

कोणते विचलन जाहीर करावे, याची माझ्या मते खरी कसोटी अशी की, ज्याने मोजावयाची माणसे, माप, मोजण्याची वेळ किंवा गणिताची रीत बदलते, ते सारे लिहावे. आणि तो निर्णय आकडे पाहण्यापूर्वी झाला की नंतर, हेही लिहावे. संगणक-प्रणालीची आवृत्ती बदलली आणि उत्तर तेच राहिले, तर एक ओळ पुरे. महसुली कागदात दुरुस्ती करताना मूळ अक्षर वाचता येईल अशी रेघ मारून शेजारी सही-तारीख घालतात, त्याप्रमाणे ठरलेल्या रीतीचे उत्तर आधी व बदललेल्या रीतीचे नंतर, अशी दोन्ही छापावीत.

गोव्याच्या चाचणीत ४९५ जणांची चिठ्ठीवजा विभागणी झाली. त्यांपैकी दोघांना नियमभंगामुळे वगळले आणि तीन महिन्यांनी ४६६ जणांचे मापन मिळाले. दोघे ही संख्या क्षुल्लक वाटते, तथापि विभागणीनंतर माणूस वगळणे हे नेहमीच लिहिण्याजोगे विचलन आहे, कारण चिठ्ठीने साधलेला समतोल तेथेच बिघडू लागतो. आणि ते निबंधात नमूद केलेले आहे. समुपदेशनाच्या गटात २३० पैकी १४७ जण सावरले, दुसऱ्यात २३६ पैकी ९१. हे अंतर एवढे मोठे आहे की वगळलेले दोघे कोणत्याही बाजूस धरले तरी निष्कर्ष ढळत नाही, आणि हे वाचकास स्वतः पडताळता येते, कारण त्या दोघांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवलेला आहे. जे मापनास आलेच नाहीत, त्यांचे काय मानावयाचे, हा प्रश्न मात्र याहून अवघड. त्याचे उत्तर आराखड्यात आधीच लिहिलेले नसेल, तर मागाहून दिलेले प्रत्येक उत्तर संशयाखाली राहते.