बिनव्याजी कर्जातला धनी

वृत्तपत्राचा मालक कोण, हे सांगण्याचे बंधन १९५६ च्या नियमांनी वृत्तपत्रावरच घातले होते. दर वर्षी मार्चच्या आरंभी 'नमुना ४' या मथळ्याचे निवेदन बारीक टायपात छापून येई. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि भांडवलाचा एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्यांची नावे असत. मानखुर्दला माझ्या शेजारी येणारा पेपर राशिभविष्यापासून वाचला जाई. त्या निवेदनाकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. पाहिले तरी मालकाच्या जागी बहुधा एखाद्या कंपनीचे नाव. मग त्या कंपनीचे भागधारक कोण, हे शोधावे, तर तिथेही दुसरी कंपनीच बसलेली!

दूरचित्रवाणीची एक मराठी वाहिनी घेऊ. 'आयबीएन लोकमत' २००८ मध्ये सुरू झाली. तिच्या कंपनीत निम्मा वाटा लोकमत समूहाचा, निम्मा राघव बहल यांच्या नेटवर्क१८ समूहाचा. हा दुसरा निम्मा धागा धरून वर चढले, की नेटवर्क१८ ही शेअरबाजारात नोंदलेली कंपनी लागे, आणि तिच्या वर बहल यांच्या सहा खासगी कंपन्या. भागधारकांची तिमाही यादी शेअरबाजारात कोणालाही पाहता येते. ती पाहणारा इथे थांबला असता आणि म्हणाला असता, धनी बहल!

परंतु २०१२ मध्ये 'इंडिपेंडंट मीडिया ट्रस्ट' नावाच्या न्यासाने त्या सहा कंपन्यांचे कर्जरोखे घ्यायचे ठरविले. न्यासाची एकमेव लाभार्थी होती रिलायन्स इंडस्ट्रीज. रोख्यांवर व्याज नव्हते. व्याजावाचून एवढे पैसे कोण देतो? उत्तर रोख्यांच्या अटीत होते: धारकाला वाटेल तेव्हा त्यांचे भाग करून घेता येतील, आणि तसे केल्यास त्या कंपन्यांचे ९९.९९ टक्के भांडवल त्याचे होईल. व्यवहार स्पर्धा आयोगापुढे गेला. असा हक्क हाती असणे म्हणजेच नियंत्रण मिळविणे, असे आयोगाने मे २०१२ च्या आदेशात नोंदविले. तो आदेश सर्वांना वाचावयास खुला होता. यादीत मात्र सहा नावे जिथल्या तिथे.

रिलायन्सने नेटवर्क१८ चा ताबा उघडपणे घेण्यासाठी न्यासाला चार हजार कोटींपर्यंत रक्कम देण्याचे ठरविले ते २९ मे २०१४ रोजी. वृत्तपत्रांनी त्या दिवशी मालक बदलल्याची बातमी दिली. कागदांच्या हिशेबी ती दोन वर्षे शिळी होती.

तेव्हा भागधारकांची यादी पुरत नाही. कंपनीच्या ताळेबंदातले कर्जाचे टिपण काढावे, आणि व्याजाचा दर शून्य दिसला, की रूपांतराची अट शोधावी. 'एनडीटीव्ही'च्या प्रवर्तक कंपनीलाही २००९ मध्ये असेच बिनव्याजी कर्ज मिळाले होते. कर्ज देणारी कंपनी २०२२ मध्ये अदानी समूहाने विकत घेतली आणि तेरा वर्षे पडून राहिलेला हक्क वापरला. तोपर्यंत यादीत जुनीच नावे होती.