गुणफरकावरून विजयाची संभाव्यता (बास्केटबॉल)

सामन्यापूर्वी सट्टाबाजाराने वर्तवलेल्या गुणफरकाचे जिंकण्याच्या संभाव्यतेत रूपांतर करण्याची सांख्यिकीय रीत. प्रत्यक्ष फरक वर्तवलेल्या फरकाभोवती प्रसामान्य वक्राप्रमाणे विखुरतो, हे तिचे गृहीतक. अमेरिकेच्या एनबीएमध्ये या विखुरण्याचे प्रमाण विचलन साधारण १२ गुण धरतात. वरचढ संघाला ६ गुणांची आघाडी वर्तवली असेल, तर ६ ला १२ ने भागल्यावर ०.५ मिळते. वक्राखालील ०.५ पर्यंतचे क्षेत्रफळ ०.६९१ असल्याने त्या संघाची संभाव्यता सुमारे ६९ टक्के ठरते. आघाडी १२ झाली की संभाव्यता ८४ टक्के होते. म्हणजे आघाडी दुप्पट झाली, तरी ५० टक्क्यांवरची वाढ दुप्पट होत नाही.

प्रमाण विचलन मोजताना प्रत्यक्ष फरकातून वर्तवलेला फरक वजा करावा लागतो. नुसत्या अंतिम फरकांचे विचलन घेतले, तर त्यात संघांच्या ताकदीतील तफावतही मिसळते. आकडा फुगतो आणि वरचढ संघाची संभाव्यता कमी दिसते. विचलन १४ धरल्यास वरचे ६९ टक्के ६७ वर येतात.

बास्केटबॉलमध्ये बरोबरी राहत नाही, जादा वेळेत निकाल लागतो. मग शून्यातूनही सलग जाणारा वक्र कसा चालेल, असा आक्षेप घेता येतो. तो रास्त आहे. पण बरोबरीतील सामने जादा वेळेत दोन्ही बाजूंना वाटले जात असल्याने शून्यापलीकडच्या एकूण क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. नेमका एखादा फरक किती वेळा येईल, हे मात्र या वक्रावरून सांगू नये.