गावित खटला आणि 'सायकोपॅथ' हा शब्द

कोल्हापुरात गावित बहिणींचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सायकोपॅथ होत्या त्या!" मला हा शब्द इतक्या सहज वापरणं खटकतं.

१९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई आणि तिच्या मुली रेणुका व सीमा लहान मुलं पळवत. चोरी करताना सापडल्यास कडेवरचं मूल पाहून लोकांना दया यावी, हा हेतू. मूल अडचणीचं झालं की त्याचा जीव घेत. आई कोठडीतच वारली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. दयेच्या अर्जाला विलंब झाल्याने २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

न्यायालयाने पुरावा तपासला, गुन्हा ठरवला. सायकोपॅथी ठरवायची पद्धत वेगळी. रॉबर्ट हेअर यांच्या तपासणी यादीत वीस मुद्दे असतात, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत आणि जुन्या नोंदी पाहूनच ते देतो. बातमी वाचून ते जमत नाही.

शिवाय हे संशोधन बरंचसं तुरुंगात झालं. तिथे गुन्हेगारच भेटणार! पण १९४१ मध्ये हर्वी क्लेक्ली यांनी वर्णिलेले बरेच रुग्ण खुनी नव्हते. ते खोटं बोलणारे, बेजबाबदार, पश्चात्ताप नसलेले होते. पश्चात्ताप नसणं म्हणजे हिंसा करणं नव्हे. हिंसेमागे बहुधा उतावळेपणा, नशा, बालपणीची मारहाण, संधी अशी इतर कारणंही जुळावी लागतात.

काही खुनी तसे असतात, म्हणून तसे सगळे खुनी ठरत नाहीत.