रूट कॅनॉल करताना फाइल तुटली, आता काय? डॉक्टर तुकडा काढतात की बाजूने वाट काढतात?

समजा, जालन्यातल्या एका दवाखान्यात खालच्या दाढेचं रूट कॅनॉल सुरू आहे. डॉक्टरांनी फाइल बाहेर काढली तर ती ३ मिलिमीटरने आखूड. एक्स-रेमध्ये मुळाच्या वळणापलीकडे बारीक पांढरी रेघ दिसते. फाइलचं टोक तुटून आत राहिलंय.

फाइल तुटते कशी?

मशीनवर फिरणारी ही रोटरी फाइल निकेल-टायटॅनियमची असते. ती लवचीक असते, म्हणून वाकड्या मुळातही जाते. पण वळणावर फिरताना प्रत्येक फेऱ्यात तिची एक बाजू ताणली जाते, तर दुसरी दाबली जाते. तार सारखी वाकवली की तुटते, तसंच हे. असा थकवा बाहेरून दिसत नाही. दुसरं कारण म्हणजे टोक अरुंद जागी अडकतं आणि मागचा भाग फिरतच राहतो. अशा वेळी तुटण्याआधी फाइलचे पीळ कधीकधी उलगडलेले दिसतात. म्हणून फाइल दरवेळी तपासायची असते आणि ठरावीक वापरानंतर टाकून द्यायची असते.

काढायची कधी?

तुकडा वळणाच्या अलीकडे, सरळ भागात असेल तर. त्यासाठी मायक्रोस्कोप लागतो. तुकड्याच्या वरच्या टोकाभोवतीचं दात थोडं कोरून अल्ट्रासोनिक टिपने त्याला सैल करतात. पण मूळ जास्त कोरलं गेलं, तर ते कमकुवत होतं किंवा त्याला भोक पडतं. तुकडा निघाला आणि दात गेला, असं व्हायला नको.

बाजूने वाट कधी?

आपल्या उदाहरणात तुकडा वळणापलीकडे आहे, म्हणून आधी हाच मार्ग. कॅनॉल बहुधा पूर्ण गोल नसतो, त्यामुळे तुकड्याशेजारी फट सापडू शकते. टोकाला ०.०८ किंवा ०.१० मिलिमीटर जाडीची हातफाइल किंचित वाकवून त्या फटीतून हळूहळू पुढे नेतात. इथे घाई केली तर चुकीचा रस्ता तयार होतो, म्हणून एक्स-रे काढून खात्री करतात. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात अनेकदा दोन कॅनॉल असतात आणि ते कधीकधी टोकाशी एकत्र येतात. तसं असेल तर शेजारच्या कॅनॉलमधूनही पुढचा भाग साफ करता येतो.

दोन्ही जमलं नाही तर?

तुकड्यापर्यंत साफ करून कॅनॉल भरतात आणि दातावर लक्ष ठेवतात. धातूचा तुकडा स्वतः संसर्ग करत नाही. प्रश्न असतो त्याच्या पलीकडे राहिलेल्या जंतूंचा. सफाई बरीच झाल्यावर फाइल तुटली असेल आणि मुळाशी आधी पू नसेल, तर दात टिकण्याची शक्यता चांगली असते. पुढे सूज किंवा दुखणं आलं, तर मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया करता येते.

डॉक्टरांनी हे तुम्हाला सांगायलाच हवं. तुकडा कुठे आहे, त्याआधी सफाई किती झाली होती, हे विचारा आणि एक्स-रे जपून ठेवा. मायक्रोस्कोप जवळ नसेल, तर छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणच्या रूट कॅनॉल तज्ज्ञाकडे तोच एक्स-रे घेऊन जा.